एका चलाचा परिणाम दुसऱ्या चलावर अवलंबून असतो तेव्हा : समाश्रयणातील आंतरक्रिया पदाचे वाचन

प्रस्तावना

समाजशास्त्र, वाणिज्य, शिक्षणशास्त्र, कृषी अशा कोणत्याही शाखेतील संशोधन-निबंध चाळताना बहुचल समाश्रयणाचे, म्हणजेच मल्टिपल रिग्रेशनचे, एखादे कोष्टक हमखास दृष्टीस पडते. डावीकडे चलांची नावे, उजवीकडे त्यांचे सहगुणक, शेजारी प्रमाण त्रुटी आणि सार्थकता दर्शविणारी तारांकने अशी त्याची मांडणी असते. काही निबंधांत या कोष्टकाच्या तळाशी ‘लिंग × शिक्षण’ किंवा ‘सिंचन × खत’ अशी गुणाकाराची एक ओळही आढळते. या ओळीस आंतरक्रिया पद असे म्हणतात. ती समाविष्ट करण्यामागील हेतू योग्यच असतो. खताचा परिणाम बागायती व जिरायती जमिनीत सारखा असेल असे गृहीत धरण्यापेक्षा तो तपासून पाहणे केव्हाही इष्ट होय. अडचण येते ती विवेचनाच्या वेळी. तळाची ओळ जोडल्यामुळे तिच्या वरच्या ओळींचा अर्थ पालटतो, आणि लेखक मात्र त्या ओळी पूर्वीच्याच अर्थाने वाचत राहतात. परिणामी आकडेमोड अचूक असूनही निष्कर्ष चुकतो.

हा प्रश्न संख्याशास्त्राला नवा नाही. रोनाल्ड फिशर यांनी विनिफ्रेड मॅकेन्झी यांच्यासह १९२३ साली प्रसिद्ध केलेला शोधनिबंध बटाट्याच्या निरनिराळ्या वाणांचा खतांना मिळणारा प्रतिसाद भिन्न असतो काय, याच प्रश्नाचा होता. विचरण-विश्लेषणाच्या आरंभीच्या उपयोगांपैकी एक म्हणून तो ओळखला जातो. म्हणजे ज्या तंत्राच्या आधारे आज आपण गटांच्या सरासरींची तुलना करतो, त्याच्या उगमापाशीच ‘एकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून आहे काय’ हा प्रश्न उभा होता.

प्रस्तुत लेखात या विषयाचे सर्वांगीण विवेचन करण्याचा हेतू नाही. एकच जुना व सर्वांना उपलब्ध असलेला प्रयोग घेऊन, त्यातील आंतरक्रिया पद कसे वाचावे आणि ते वाचताना कोठे पाय घसरतो, एवढेच येथे तपशिलाने पाहावयाचे आहे.

प्रयोग व त्याची आकडेवारी

गिनीपिग या प्राण्याला माणसाप्रमाणेच क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही. ते आहारातूनच मिळावे लागते. ते कमी पडल्यास दाताची घडण करणाऱ्या ओडोन्टोब्लास्ट या पेशींची वाढ खुंटते. या पेशींची लांबी मोजून प्राण्याला क जीवनसत्त्व किती मिळाले याचा अंदाज बांधता येईल, या विचाराने कॅनडातील ई. डब्ल्यू. क्रॅम्प्टन यांनी काम केले व ते १९४७ साली प्रसिद्ध झाले. पुढे सी. आय. ब्लिस यांनी १९५२ सालच्या आपल्या जैव-आमापनावरील ग्रंथात ही आकडेवारी घेतली. आज ती आर या संगणकप्रणालीबरोबर `ToothGrowth` या नावाने मिळते. वाचकाला पुढील प्रत्येक आकडा स्वतः पडताळून पाहता येईल, हेही ती निवडण्यामागील एक कारण आहे.

प्रयोगात ६० गिनीपिग होते. निम्म्यांना क जीवनसत्त्व संत्र्याच्या रसातून दिले, तर उरलेल्यांना ते शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्लाच्या रूपात दिले. दोन्ही गटांत दररोज ०.५, १ व २ मिलिग्रॅम अशा तीन मात्रा होत्या. याप्रमाणे सहा उपगट झाले व प्रत्येकात १० प्राणी आले. पेशींच्या लांबीची सरासरी पुढीलप्रमाणे होती.

| दैनिक मात्रा | संत्र्याचा रस | ॲस्कॉर्बिक आम्ल | आम्ल वजा रस |
|---|---|---|---|
| ०.५ मिग्रॅ | १३.२३ | ७.९८ | −५.२५ |
| १ मिग्रॅ | २२.७० | १६.७७ | −५.९३ |
| २ मिग्रॅ | २६.०६ | २६.१४ | ०.०८ |

कोणतेही समाश्रयण करण्यापूर्वी हे कोष्टक नीट पाहणे अगत्याचे आहे. मात्रा कमी असताना रस आम्लापेक्षा पाच-सहा एककांनी सरस ठरतो. मात्रा २ मिलिग्रॅम झाली की दोहोंतील फरक संपुष्टात येतो. तेव्हा ‘रसाचा आम्लाहून किती अधिक परिणाम होतो’ या प्रश्नास एकच एक उत्तर नाही. ‘किती मात्रेला’ असा प्रतिप्रश्न केल्यावाचून उत्तर देताच येत नाही. आंतरक्रिया म्हणजे नेमकी हीच परिस्थिती.

गुणाकाराचे पद काय करते

आंतरक्रिया पदाविना केलेले समाश्रयण दोन समांतर रेषा काढते. रसाची एक रेषा, आम्लाची दुसरी, आणि त्यांतील उभे अंतर सर्वत्र सारखे. या आकडेवारीत ते अंतर −३.७० येते, म्हणजे आम्ल रसापेक्षा ३.७० एककांनी मागे. प्रमाण त्रुटी लहान असल्याने हा फरक सार्थकही ठरतो. परंतु वरच्या कोष्टकात ३.७० च्या जवळपासचा फरक कोणत्याही मात्रेला दिसत नाही. दोन ठिकाणी तो बराच मोठा आहे, तर एका ठिकाणी शून्यवत. तिन्ही फरकांची सरासरी काढली तर तीच −३.७० येते. ही सरासरी खोटी नव्हे, पण प्रयोगातील कोणत्याही एका प्राण्याच्या स्थितीचे वर्णन ती करीत नाही.

रेषांना समांतर राहण्याच्या बंधनातून मुक्त करावयाचे असेल तर समीकरणात दोन्ही चलांचा गुणाकार घालावा लागतो. Y ही पेशींची लांबी, D ही मात्रा, आणि S हा स्रोत दर्शविणारा चल मानू. रसासाठी S शून्य व आम्लासाठी एक घेतला म्हणजे समीकरण असे होते :

```
Y = b0 + b1*D + b2*S + b3*(D*S)
```

यात S = 0 ठेवल्यास रसाची रेषा मिळते. तिचा आरंभबिंदू b0 आणि चढ b1. S = 1 ठेवल्यास आम्लाची रेषा मिळते. तिचा आरंभबिंदू b0 + b2 आणि चढ b1 + b3. म्हणजे b3 हा दोन चढांमधील फरक आहे. सूत्राकडे दुसऱ्या बाजूने पाहिले तर आम्ल व रस यांतील फरक b2 + b3·D एवढा येतो. तो D बरोबर बदलत जातो. दोन्ही वाचने एकाच b3 ची आहेत. स्रोतानुसार मात्रेचा परिणाम बदलतो म्हणा, की मात्रेनुसार स्रोताचा परिणाम बदलतो म्हणा, गणित त्यांत भेद करीत नाही. कोणता चल ‘कारण’ आणि कोणता ‘परिस्थिती’ हे संशोधकाने विषयज्ञानाच्या आधारे ठरवावयाचे असते.

आर प्रणालीत हे समाश्रयण करण्यास दोन ओळी पुरतात :

```
fit <- lm(len ~ supp * dose, data = ToothGrowth)
summary(fit)
```

त्यातून b0 = ११.५५, b1 = ७.८१, b2 = −८.२६ आणि b3 = ३.९० हे सहगुणक मिळतात. b3 ची प्रमाण त्रुटी १.६९ असून t चे मूल्य २.३१ व p चे मूल्य सुमारे ०.०२५ आहे. शब्दांत सांगावयाचे तर रसाच्या बाबतीत मात्रा एक मिलिग्रॅमने वाढल्यास लांबी ७.८१ एककांनी वाढते, आम्लाच्या बाबतीत ती ७.८१ + ३.९० म्हणजे ११.७१ एककांनी वाढते. आम्लाची रेषा खालून निघते, पण अधिक वेगाने चढते व २ मिलिग्रॅमच्या सुमारास रसाच्या रेषेस येऊन मिळते.

शून्य मात्रेचा प्रश्न

आता b2 = −८.२६ या आकड्याकडे वळू. आंतरक्रिया पदाविना तो −३.७० होता. ‘आंतरक्रिया विचारात घेतल्यावर आम्लाचा प्रतिकूल परिणाम दुपटीहून अधिक वाढला’ असे वाक्य या ठिकाणी सहज लिहिले जाईल, आणि या स्वरूपाची वाक्ये निबंधांतून वारंवार लिहिली जातात. ते वाक्य सर्वस्वी चुकीचे आहे. परिणाम वाढलेला नाही, प्रश्न बदलला आहे.

फरकाचे सूत्र b2 + b3·D असे असल्याने b2 हा D शून्य असतानाचा फरक होय. शून्य मात्रा म्हणजे प्राण्याला क जीवनसत्त्व अजिबात न देणे. या प्रयोगात तशी मात्रा कोणालाच दिलेली नाही. शिवाय जे दिलेच नाही ते रसातून दिले नाही की आम्लातून, यात फरक तो काय राहणार ? वास्तविक शून्य मात्रेला दोन्ही रेषा एकाच बिंदूतून निघावयास हव्यात. तरीही समाश्रयण ८.२६ एककांचा ‘सार्थक’ फरक दाखविते. याचे कारण असे की ०.५ ते २ मिलिग्रॅम या पट्ट्यात आखलेली सरळ रेषा त्या पट्ट्याबाहेर मागे ताणली की ती कोठे जाऊन पोहोचेल, याचाच हा हिशोब आहे. त्यास जीवशास्त्रीय अर्थ नाही.

यावरील उपाय सोपा आहे. मात्रेचा शून्यबिंदू हलवून तो अर्थपूर्ण ठिकाणी आणावा. उदाहरणार्थ, मात्रेतून १ वजा करून नवा चल तयार केला तर त्याचे शून्य म्हणजे १ मिलिग्रॅम होईल.

```
ToothGrowth$d1 <- ToothGrowth$dose - 1
summary(lm(len ~ supp * d1, data = ToothGrowth))
```

आता स्रोताचा सहगुणक −४.३५ व त्याची प्रमाण त्रुटी १.०९ येते. हा १ मिलिग्रॅम मात्रेवरील फरक आहे, आणि तो वाचण्याजोगा आहे. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की ३.९० हा आंतरक्रियेचा सहगुणक, त्याची प्रमाण त्रुटी व p चे मूल्य यांत यत्किंचितही बदल होत नाही. रेषा त्याच आहेत, फक्त त्यांतील अंतर कोठे उभे राहून मोजावयाचे ते बदलले. यास केंद्रीकरण म्हणतात. केंद्रीकरणाने बहुसहरेषीयतेचा दोष नाहीसा होतो असे काही पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते. ते फसवे आहे. गुणाकाराचे पद व मूळ चल यांतील सहसंबंध कमी झालेला दिसतो हे खरे, पण आकडेवारीतील माहिती काही वाढलेली नसते. आंतरक्रियेची प्रमाण त्रुटी होती तेवढीच राहते हाच त्याचा पुरावा. केंद्रीकरण करावे ते सहगुणक वाचता यावेत म्हणून.

हा मुद्दा सामाजिक शास्त्रांत अधिकच महत्त्वाचा ठरतो. ‘वय × उत्पन्न’ असे पद घातलेल्या समीकरणात उत्पन्नाचा सुटा सहगुणक हा वय शून्य असलेल्या व्यक्तीसाठी, म्हणजे नवजात अर्भकासाठी असतो. पाच बिंदूंच्या मापनश्रेणीत १ ते ५ असे गुण दिले असतील तर शून्य हा गुण अस्तित्वातच नसतो. अशा सहगुणकापुढे तारांकन आहे की नाही यावर परिकल्पना स्वीकारणे वा नाकारणे म्हणजे जे कधी पाहिलेच नाही त्याविषयी निर्णय देणे होय.

प्रत्येक मात्रेवरील फरक व त्याची त्रुटी

तेव्हा सुट्या सहगुणकाऐवजी निरनिराळ्या मात्रांवर फरक किती आहे हे द्यावे, हा योग्य मार्ग. b2 + b3·D या सूत्रात मात्रा घालून ०.५ मिलिग्रॅमवर −६.३०, १ वर −४.३५ आणि २ वर −०.४५ हे फरक मिळतात. परंतु प्रत्येक फरकाची प्रमाण त्रुटीही हवी. येथे एक खाचखळगा आहे. b2 ची त्रुटी २.२४ व b3 ची १.६९ हे कोष्टकात दिलेले असते. त्यांच्या वर्गांची बेरीज करून एकत्रित त्रुटी काढण्याचा मोह होतो. २ मिलिग्रॅमसाठी तसे केल्यास त्रुटी ४.०५ येते. वास्तविक त्रुटी १.७६ आहे. एवढी तफावत पडते, कारण b2 व b3 यांच्या अंदाजांत परस्पर संबंध असतो. आम्लाची रेषा डावीकडे खाली झुकली की तिचा चढ आपोआप वाढतो, म्हणजे एक अंदाज कमी आला की दुसरा अधिक येतो. या सहविचरणाचा समावेश केल्यावाचून त्रुटी काढता येत नाही. पूर्ण सूत्र असे आहे :

```
Var(b2 + b3*D) = Var(b2) + D^2 * Var(b3) + 2*D*Cov(b2, b3)
```

प्रस्तुत उदाहरणात Var(b2) सुमारे ५.००, Var(b3) सुमारे २.८६ व सहविचरण सुमारे −३.३३ आहे. D = 2 घातल्यास ५.०० + ११.४३ − १३.३४, म्हणजे सुमारे ३.१० येते व त्याचे वर्गमूळ १.७६. सहविचरण छापील कोष्टकात नसते. आर प्रणालीत ते `vcov(fit)` या आज्ञेने मिळते. ज्यांना ही आकडेमोड टाळावयाची असेल त्यांनी मात्रेचा शून्यबिंदू ०.५, १ व २ येथे क्रमाने नेऊन तेच समाश्रयण तीनदा करावे. दर वेळी स्रोताच्या ओळीत हवा तो फरक आणि त्याची अचूक त्रुटी तयार मिळते. तीन फेऱ्यांनंतर चित्र असे दिसते : ०.५ वर −६.३०, त्रुटी १.५४. १ वर −४.३५, त्रुटी १.०९. २ वर −०.४५, त्रुटी १.७६. पहिले दोन फरक शून्यापासून स्पष्टपणे दूर आहेत, तिसरा नाही.

याच ठिकाणी आणखी एका प्रचलित पद्धतीविषयी बोलणे आवश्यक वाटते. कित्येक निबंधांत आंतरक्रिया पद न घेता दोन गटांची समाश्रयणे वेगवेगळी केली जातात, आणि ‘पुरुषांत सहगुणक सार्थक आहे, स्त्रियांत नाही, म्हणून परिणाम लिंगानुसार भिन्न आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. हा तर्क टिकत नाही. एका गटात सहगुणक सार्थकतेच्या सीमेच्या किंचित अलीकडे व दुसऱ्यात किंचित पलीकडे असू शकतो, आणि दोहोंतील फरक नगण्य असू शकतो. उलटही घडते. आपल्या उदाहरणात रसाचा चढ ७.८१ व आम्लाचा ११.७१ हे दोन्ही निर्विवाद सार्थक आहेत. वेगवेगळी कोष्टके पाहणारा ‘दोन्हीकडे मात्रेचा परिणाम होतो’ एवढेच म्हणून थांबेल व खरी गोष्ट त्याच्या हातून निसटेल. दोन चढांत फरक आहे काय, या प्रश्नाची परीक्षा त्या फरकावरच व्हावयास हवी, आणि ती b3 वरच होते.

ही परीक्षा महागडी असते हेही मान्य केले पाहिजे. आंतरक्रिया न घेता सर्व ६० प्राण्यांवरून मात्रेचा एकच सामाईक चढ काढला तर त्याची प्रमाण त्रुटी ०.८८ येते. दोन चढांतील फरकाची त्रुटी मात्र १.६९, म्हणजे जवळजवळ दुप्पट. कारण उघड आहे. प्रत्येक चढ निम्म्याच प्राण्यांवर आधारलेला असतो आणि फरक काढताना दोहोंची अनिश्चितता एकत्र येते. त्रुटी निम्मी करावयाची तर प्राणी चौपट, म्हणजे २४० घ्यावे लागतील. शंभर-सव्वाशे उत्तरदात्यांच्या पाहणीत एखादी बेताची आंतरक्रिया सार्थक न ठरल्यास ‘आंतरक्रिया नाही’ असे म्हणता येत नाही. ती शोधण्याइतकी शक्ती त्या नमुन्यात नव्हती, एवढेच फार तर म्हणता येईल.

मोजपट्टी बदलली तर

वर मिळालेले फरक मूळ सरासरींशी ताडून पाहिल्यास एक विसंगती नजरेस येते. १ मिलिग्रॅमवर प्रत्यक्ष फरक −५.९३ आहे, समीकरण −४.३५ सांगते. ०.५ वर प्रत्यक्ष −५.२५, समीकरण −६.३०. रसाच्या गटाची वाढ सरळ रेषेत नाही हे त्याचे कारण. ०.५ वरून १ वर जाताना लांबी ९.४७ ने वाढते, आणि १ वरून २ वर जाताना, मात्रा दुपटीने अधिक वाढवूनही, केवळ ३.३६ ने. आंतरक्रियेच्या कोणत्याही समाश्रयणात ही तपासणी अवश्य करावी. प्रत्येक गटाचे बिंदू आलेखावर मांडून रेषा त्यांच्यामधून जाते की नाही हे डोळ्यांनी पाहावे.

जैव-आमापनात मात्रेऐवजी तिचा लॉगरिथम घेण्याची प्रथा आहे. येथे मात्रा दर टप्प्याला दुप्पट होत असल्याने ते सोयीचेही आहे. पाया २ घेतल्यास तीन मात्रा −१, ० व १ होतात. या मोजपट्टीवर रसाचा चढ दर दुपटीला ६.४२ व आम्लाचा ९.०८ येतो, फरक २.६७ व t चे मूल्य २.२७. रेषा बिंदूंच्या अधिक जवळून जातात आणि आंतरक्रिया टिकून राहते. प्रत्येक वेळी असे घडेलच असे नाही. एका गटात १० चे २० झाले व दुसऱ्यात २० चे ४० झाले, तर बेरजेच्या मोजपट्टीवर वाढ १० व २० अशी भिन्न आहे, म्हणजे आंतरक्रिया आहे. लॉगरिथमच्या मोजपट्टीवर दोन्हीकडे दुप्पट, म्हणजे आंतरक्रिया नाही. वेतन, उत्पादन, लोकसंख्या यांसारखे चल असतील तर कोणत्या मोजपट्टीवरील आंतरक्रियेविषयी आपण बोलत आहोत हे निबंधात स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

या प्रयोगात लॉगरिथमच्या मोजपट्टीला आणखी एक महत्त्व आहे. जैव-आमापनाचा मूळ उद्देश असा की नमुन्यातील एक मिलिग्रॅम हे प्रमाणित द्रव्याच्या किती मिलिग्रॅमच्या तोडीचे आहे, हे एका आकड्यात सांगता यावे. लॉगरिथमवर रेषा समांतर असतील तर त्यांतील आडवे अंतर सर्वत्र सारखे असते आणि ते अंतरच सापेक्ष सामर्थ्याचा आकडा पुरवते. समांतर नसतील तर तसा एकच आकडा अस्तित्वात नसतो. आपल्या रेषांवरून हिशोब केल्यास लांबी १४ होण्यासाठी रसातून सुमारे ०.४९ मिलिग्रॅम पुरते, आम्लातून सुमारे ०.८० लागते, म्हणजे रसाचे सामर्थ्य १.६ पट. लांबी २६ होण्यासाठी हेच आकडे १.७८ व १.९९ असून गुणोत्तर १.१ पट. ‘संत्र्याच्या रसातील जीवनसत्त्व शुद्ध आम्लाच्या इतके पट गुणकारी’ असे विधान करू पाहणाऱ्यास ही आकडेवारी तशी मुभा देत नाही.

या आंतरक्रियेचे कारण काय असावे, हा समाश्रयणापलीकडचा प्रश्न आहे. एक शक्यता अशी की पेशींच्या वाढीला वरची मर्यादा आहे. २ मिलिग्रॅम मात्रेला दोन्ही गट त्या मर्यादेजवळ पोहोचले, म्हणून फरक दिसेनासा झाला. तसे असेल तर रसाचे श्रेष्ठत्व अधिक मात्रेला संपत नाही, मोजमापच ते दाखविण्यास असमर्थ ठरते. दुसरी शक्यता अशी की रसातील अन्य घटक अल्प मात्रेला साहाय्य करतात व मात्रा पुरेशी झाल्यावर त्यांची गरज उरत नाही. या आकडेवारीवरून दोहोंत निवड करता येत नाही. त्यासाठी अधिक मात्रा, तसेच क जीवनसत्त्व काढून टाकलेला रस शुद्ध आम्लासोबत दिलेला एखादा गट, यांची आवश्यकता पडेल. परीक्षेतील गुण, समाधानाची मापनश्रेणी अशा वरून बंदिस्त असलेल्या चलांबाबत पहिली शक्यता नेहमी मनात ठेवावी. हुशार विद्यार्थ्यांना शिकवणीचा लाभ कमी होतो असे दिसते, तेव्हा त्यांना वाढण्यास जागाच उरली नव्हती असेही असू शकते.

पाहणीतील आकडेवारी

वरील प्रयोगात एक मोठी अनुकूलता होती. दोन्ही गटांना त्याच तीन मात्रा दिल्या होत्या, त्यामुळे मात्रा व स्रोत यांत सहसंबंध नव्हता. सामाजिक पाहणीत अशी सोय नसते. शिक्षण व उत्पन्न घ्या. ही दोन्ही बहुधा एकत्रच वाढतात. अशा वेळी शिक्षण × उत्पन्न हा गुणाकार बराचसा उत्पन्नाच्या वर्गासारखा वागतो, कारण जेथे उत्पन्न अधिक तेथे शिक्षणही अधिक. समजा, बचतीवर उत्पन्नाचा परिणाम वक्राकार आहे आणि शिक्षणाशी त्याची काहीच आंतरक्रिया नाही. संशोधकाने समीकरणात वर्गपद घातले नाही, पण गुणाकार घातला. मग वक्रतेचा भार तो गुणाकार उचलतो आणि ‘सार्थक आंतरक्रिया’ म्हणून कोष्टकात उमटतो. म्हणून दोन सहसंबंधित चलांचा गुणाकार घेताना त्या चलांची वर्गपदेही घालून पाहावीत. वर्गपदे घातल्यावर आंतरक्रिया विरून गेली तर ती मुळात होती काय, अशी शंका घेण्यास जागा आहे.

आणखी एक गोष्ट आलेखावरच कळते. समीकरण कोणत्याही दोन मूल्यांच्या जोडीसाठी आकडा देते, मग तशी जोडी पाहणीत असो वा नसो. अत्यल्प उत्पन्नाचे पदव्युत्तर किंवा अतिश्रीमंत निरक्षर नमुन्यात दोन-तीनच असतील, तर त्या कोपऱ्यांतील अंदाज शून्य मात्रेच्या आकड्याइतकाच निराधार असतो. फरकांचे कोष्टक देताना त्या त्या मूल्यांच्या आसपास किती निरीक्षणे होती, ही संख्याही शेजारच्या स्तंभात द्यावी.